तुमच्या जिल्ह्याला किती आमदार? मतदारसंघाच्या सीमा कशा आखतात आणि त्या कशा तपासायच्या

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे मिळून 2004 पर्यंत विधानसभेत 11 आमदार पाठवत होते. 2009 पासून ते 8 पाठवतात. याच काळात जुन्या ठाणे जिल्ह्याचे आमदार 13 वरून 24 झाले. कोकणात याबद्दल अजूनही हळहळ ऐकू येते. आपल्या जागा 'पळवल्या' असं म्हणणारेही भेटतात. खरं तर जागांची संख्या एका साध्या भागाकारातून ठरली होती आणि तो भागाकार कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही करता येतो. भागाकार झाल्यावर जिल्ह्याच्या आत रेघ कुठून न्यायची हा प्रश्न मात्र तितका साधा नाही. माणसांनी घेतलेले निर्णय तिथे असतात, आणि नागरिकाला हरकत घ्यायला वावही तिथेच असतो.

हा लेख महाराष्ट्र विधानसभेच्या 2008 च्या पुनर्रचनेचं उदाहरण घेऊन ती सगळी रीत क्रमाने मांडतो. पुढची पुनर्रचना येईल तेव्हा तुमच्या जिल्ह्याचा हिशेब तुम्हाला आधीच करता यावा आणि मसुदा प्रसिद्ध झाल्यावर काय पाहायचं हे ठाऊक असावं, एवढ्यासाठी.

आधी एक गोष्ट स्पष्ट: मोजतात ती माणसं, मतदार नव्हेत

मतदारसंघ आखताना जनगणनेतली एकूण लोकसंख्या धरतात. त्यात तान्हं मूलही आलं आणि मतदार यादीत नाव नसलेला माणूसही आला. जनगणना माणसाला तो जिथे राहतो तिथे मोजते. त्याचं मूळ गाव कुठलं, हे तिथे पाहिलं जात नाही. परळला राहणारा संगमेश्वरचा माणूस गणपतीला गावी येतो, घरपट्टी भरतो, कदाचित मतदानही गावातच करतो. तरी जनगणनेत तो मुंबईचा असतो. म्हणून 'आमच्याकडे मतदार एवढे आहेत' हा मुद्दा पुनर्रचनेच्या सुनावणीत टिकत नाही. यादीतली नावं कितीही असोत, भागाकार जनगणनेच्या आकड्यावरच होतो.

दुसरं म्हणजे जनगणना कुठली. 1971 च्या जनगणनेवर आखलेल्या सीमा 2004 च्या निवडणुकीपर्यंत वापरल्या गेल्या, कारण आणीबाणीत, 1976 साली, 42 व्या घटनादुरुस्तीने पुनर्रचना गोठवली गेली. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना जागा गमावण्याची शिक्षा होऊ नये, हे त्यामागचं कारण. 2001 साली 84 व्या दुरुस्तीने ही गोठवण 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. मात्र राज्याच्या एकूण जागांना हात न लावता आतल्या सीमा बदलायची मुभा त्यात होती. 2003 च्या 87 व्या दुरुस्तीने त्यासाठी 2001 ची जनगणना आधार ठरली. म्हणून महाराष्ट्राच्या विधानसभेच्या 288 आणि लोकसभेच्या 48 जागा जशाच्या तशा राहिल्या. जिल्ह्याजिल्ह्यांतली वाटणी तेवढी बदलली.

पहिली पायरी: राज्याची सरासरी काढा

2001 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 9,68,78,627 होती. तिला 288 ने भागा. उत्तर येतं 3,36,384. एका आमदारामागे राज्यात सरासरी इतकी माणसं. पुढचा सगळा हिशेब या आकड्याभोवती फिरतो.

मतदारसंघांची पुनर्रचना करणाऱ्या परिसीमन आयोगाने या सरासरीच्या 10 टक्के खाली-वर एवढी सवलत धरली होती. म्हणजे एखादा मतदारसंघ साधारण 3,02,700 ते 3,70,000 यांच्यामध्ये बसला पाहिजे. यापेक्षा जास्त फरक पडला तर त्याला डोंगर, दळणवळण, जिल्ह्याची हद्द असं काही सबळ कारण लागतं.

दुसरी पायरी: जिल्ह्याचा कोटा

2008 च्या पुनर्रचनेत जिल्हा हा एकक धरला होता. एक विधानसभा मतदारसंघ दोन जिल्ह्यांत पसरू द्यायचा नाही, असा नियम होता. त्यामुळे आधी प्रत्येक जिल्ह्याच्या वाट्याला किती जागा येतात ते ठरवलं गेलं. जिल्ह्याची लोकसंख्या भागिले 3,36,384, एवढंच सूत्र.

ठाणे जिल्ह्याची (पालघर तेव्हा त्यातच होता) लोकसंख्या 81,31,849 होती. भागाकार येतो 24.17. जागा मिळाल्या 24. रत्नागिरीची 16,96,777, भागाकार 5.04, जागा 5. मुंबई शहर जिल्ह्याची 33,38,031, म्हणजे 9.92, जागा 10. मुंबई उपनगराची 86,40,419, म्हणजे 25.69, जागा 26. मुंबई शहर आणि उपनगर यांच्याकडे आधी प्रत्येकी 17 जागा होत्या. शहराच्या 7 कमी झाल्या, उपनगराच्या 9 वाढल्या. गिरण्या बंद पडल्या, चाळी रिकाम्या होत गेल्या, माणसं बोरिवली-मुलुंडकडे सरकली. ती सगळी हालचाल या दोन आकड्यांत दिसते.

आता हाच हिशेब 1971 चे आकडे घेऊन करून पाहा. तेव्हा राज्याची सरासरी सुमारे 1,75,000 होती. अखंड रत्नागिरी जिल्ह्यात (सिंधुदुर्ग 1981 साली वेगळा झाला) 19 लाख 90 हजारांच्या आसपास माणसं होती, म्हणजे कोटा 11.4. ठाण्यात सुमारे 22 लाख 82 हजार, म्हणजे 13. त्या वेळची 11 आणि 13 ही वाटणी त्या काळाच्या लोकसंख्येला धरूनच होती. चूक झाली ती पुढची तीस वर्षं तीच वाटणी चालू ठेवण्यात. 2004 च्या निवडणुकीत ठाण्याचा एक आमदार 2001 च्या हिशेबाने सव्वासहा लाख माणसांचा प्रतिनिधी होता आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गचा एक आमदार 2 लाख 33 हजार माणसांचा. कोकणातल्या एका माणसाचं वजन ठाण्यातल्या पावणेतीन माणसांएवढं भरत होतं.

अपूर्णांकाचं काय करायचं?

इथे पहिली अडचण येते. आमदार अर्धा पाठवता येत नाही. सिंधुदुर्गची लोकसंख्या 8,68,825, भागाकार 2.58. दोन जागा दिल्या तर प्रत्येक मतदारसंघात 4,34,000 माणसं येतात, सरासरीपेक्षा 29 टक्के जास्त. तीन दिल्या तर 2,89,600 येतात, सरासरीपेक्षा 14 टक्के कमी. दोन्हीकडून 10 टक्क्यांची मर्यादा मोडतेच. तीन जागा दिल्या गेल्या, कारण विचलन त्यात कमी होतं.

हे नीट लक्षात घ्यावं, कारण इथे दोन नियम एकमेकांच्या आड येतात. सर्व मतदारसंघ समान असावेत हा एक आणि जिल्ह्याची हद्द ओलांडू नये हा दुसरा. छोट्या जिल्ह्यात दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. मोठ्या जिल्ह्यात अपूर्णांक वीस-पंचवीस जागांवर पसरून जातो, कोणाच्या लक्षातही येत नाही. छोट्या जिल्ह्यात तो दोन-तीन जागांवरच पडतो आणि डोळ्यात भरतो.

पुण्याची गंमत वेगळी आहे. 72,32,555 भागिले 3,36,384 म्हणजे 21.50, अगदी उंबरठ्यावर. जागा मिळाल्या 21. सगळ्या जिल्ह्यांच्या जागांची बेरीज 288 च भरली पाहिजे, त्यामुळे उंबरठ्यावरचा जिल्हा कधी वर जातो, कधी खाली राहतो. तुमच्या जिल्ह्याचा अपूर्णांक 0.4 ते 0.6 च्या मध्ये आला, तर जागा किती मिळतील हे केवळ आपल्या भागाकारावरून ठामपणे सांगू नका. आधी सगळ्या जिल्ह्यांच्या पूर्ण जागा मोजा, मग त्यांचे अपूर्णांक उतरत्या क्रमाने मांडा आणि 288 कुठे पुऱ्या होतात ते पाहा.

तिसरी पायरी: जिल्ह्याच्या आतली रेघ

जागा किती हे ठरलं, आता जमीन वाटायची. परिसीमन कायदा, 2002 च्या कलम 9 मध्ये त्यासाठीचे निकष आहेत. मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या सलग आणि आटोपशीर असावा. डोंगर-नद्या, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाची सोय आणि लोकांची सोय पाहावी. प्रत्येक विधानसभा मतदारसंघ पूर्णपणे एकाच लोकसभा मतदारसंघात असावा.

कामाची रीत अशी असते. ग्रामीण भागात आधी अख्खे तालुके मांडायचे. तालुक्याने संख्या जमली नाही तर महसूल मंडळं जोडायची किंवा काढायची. तेवढ्यानेही जमलं नाही तर तलाठी सजा. एखादं गाव मात्र फोडत नाहीत. शहरात नगरपालिका किंवा महापालिकेचा वॉर्ड हा एकक असतो. अंतिम आदेश वाचलात तर प्रत्येक मतदारसंघापुढे हीच यादी दिसते: अमुक तालुका, तमुक तालुक्यातलं हे महसूल मंडळ, त्यातल्या या सजा, ही नगरपरिषद. क्रमांक वायव्येकडून सुरू होऊन नागमोडी फिरत दक्षिणेत संपतात. म्हणूनच महाराष्ट्रात पहिला क्रमांक नंदुरबार जिल्ह्यात पडतो.

रत्नागिरीत सात मतदारसंघांचे पाच करायचे होते. खेड आणि संगमेश्वर ही नावं यादीतून गेली. तालुके तर तेच राहिले, मग त्यांची माणसं शेजारच्या मतदारसंघांत वाटली गेली. संगमेश्वर तालुक्यातलं साखरपा राजापूरला जोडलं गेलं. 'राजापूर-लांजा-साखरपा' असं तिकडे आजही म्हणतात, त्यात तो सांधा ऐकू येतो. एका तालुक्याचे असे तुकडे पडले की तहसीलदार एक, पंचायत समिती एक आणि आमदार एकाहून जास्त, अशी स्थिती येते. रस्त्याच्या कामासाठी कोणाकडे जायचं, हे तालुक्याच्या एका टोकाला वेगळं असतं आणि दुसऱ्या टोकाला वेगळं. संख्या समान ठेवण्याची ही किंमत आहे. ती कोणत्या तालुक्याच्या माथी मारायची, ही निवड असते, गणित नव्हे.

सहाचा पाढा आणि घाट

लोकसभेच्या सीमा आखताना हे आणखी ठळक दिसतं. 288 विधानसभा आणि 48 लोकसभा, म्हणजे प्रत्येक खासदारामागे 6 विधानसभा मतदारसंघ. आता कोकणात दक्षिणेकडून मोजत या. सिंधुदुर्गचे 3 आणि रत्नागिरीचे 3 मिळून एक लोकसभा मतदारसंघ झाला, रत्नागिरी-सिंधुदुर्ग. रत्नागिरीचे दोन उरले, दापोली आणि गुहागर. त्यांना रायगडचे चार जोडले, झाला रायगड. रायगडच्या 7 पैकी पनवेल, कर्जत आणि उरण हे तीन उरले. उत्तरेला ठाण्याचे 24, म्हणजे बरोबर चार लोकसभा मतदारसंघ, तिथे जागा नाही. पलीकडे पुण्याचे 21, त्यातले 18 तीन लोकसभा मतदारसंघांत बसतात आणि तीनच उरतात: मावळ, चिंचवड, पिंपरी. घाटाखालचे तीन आणि घाटावरचे तीन असा मावळ लोकसभा मतदारसंघ तयार झाला. उरणच्या बंदरापासून चिंचवडच्या कारखान्यांपर्यंत, मध्ये सह्याद्री आणि बोरघाट.

नकाशाकडे नुसतं पाहून कोणीही म्हणेल की हा मतदारसंघ विचित्र आहे, यात कोणाचा तरी डाव असणार. पण जिल्ह्यांचे आकडे 3, 5, 7, 24 आणि 21 ठरल्यावर फार पर्याय उरलेलेच नव्हते. उलट, एखाद्या मतदारसंघाचा आकार सुबक दिसतो म्हणून तो निर्दोष आहे असंही मानू नये. आकारावरून हेतू ओळखता येत नाही. आधी पाहायचं ते हे: संख्येच्या बंधनांत राहून दुसरी रेघ काढणं शक्य होतं का? शक्य होतं आणि ती टाळली, तर कारण विचारायला जागा आहे.

समान संख्या असूनही अन्याय कसा होतो

10 टक्क्यांची मर्यादा पाळली म्हणजे काम निर्दोष झालं, असं नाही. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका जिल्ह्यात 9 महसूल मंडळं, प्रत्येकाची लोकसंख्या सारखी, आणि त्यांतून तीन मतदारसंघ करायचे, प्रत्येकी तीन मंडळांचे. यातल्या चार मंडळांत 'क' पक्ष जिंकतो आणि पाचांत 'ख'. 'क' ची मंडळं दोन-दोन करून दोन मतदारसंघांत घातली, तर चार मंडळांचा पक्ष तीनपैकी दोन जागा घेतो. तीच मंडळं तीन आणि एक अशी वाटली, तर त्याच पक्षाला एकच जागा मिळते. एकही माणूस हलला नाही, एकाही मताचा कल बदलला नाही, आणि तिन्ही मतदारसंघांची लोकसंख्या दोन्ही वेळा तंतोतंत समान आहे.

पहिल्या युक्तीत एका गटाची ताकद बहुमतापुरतीच वापरली जाते, दुसरीत ती एकाच जागी कोंबून वाया घालवली जाते. तिसरी युक्ती विखुरण्याची. तीन मंडळांत एकवटलेला समाज एक-एक करून तिन्ही मतदारसंघांत पांगवला की तो कुठेच निर्णायक राहत नाही.

राखीव जागांच्या बाबतीत याचा थेट परिणाम होतो. अनुसूचित जमातींच्या राखीव जागा त्यांचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या मतदारसंघांत ठेवायच्या असतात. अनुसूचित जातींच्या जागा राज्याच्या निरनिराळ्या भागांत, पण त्यांचं प्रमाण तुलनेने जास्त असेल तिथे. राज्यात एकूण किती राखीव, हे पुन्हा भागाकाराने ठरतं. 2001 च्या आकड्यांवर महाराष्ट्रात अनुसूचित जातींचा वाटा 29.38 जागांचा आला, म्हणून 29. जमातींचा आला 25.498, अर्ध्यापेक्षा अगदी केसभर कमी, म्हणून 25.

पण नेमका कुठला मतदारसंघ राखीव होणार, हे रेघ कुठून गेली यावर अवलंबून असतं. समजा एका आदिवासी तालुक्यात 2 लाख माणसं आहेत, त्यांतली 60 टक्के अनुसूचित जमातींची. आजूबाजूच्या भागात हे प्रमाण 10 टक्के आहे. तालुका अख्खा ठेवून त्याला शेजारची 1,36,000 माणसं जोडली तर मतदारसंघात जमातींचं प्रमाण सुमारे 40 टक्के होतं. तालुका मधोमध कापून दोन मतदारसंघांत टाकला तर दोन्हीकडे ते 25 टक्क्यांवर येतं. पहिल्या रचनेत जागा राखीव होण्याची दाट शक्यता, दुसरीत बहुधा नाही. आणि खुल्या जागेवर त्या समाजाचा माणूस उभा राहिला तरी चौघांतला एकच त्याच्या समाजाचा. मसुद्यात आदिवासी किंवा दलित वस्तीचा तालुका फोडलेला दिसला की हा हिशेब सगळ्यात आधी करून पाहावा.

आज काय चित्र आहे

2008 च्या रेघाही आता जुन्या झाल्या आहेत. 2011 च्या जनगणनेवर तोच भागाकार केला तर राज्याची सरासरी 3,90,189 येते. रत्नागिरीचा कोटा 4.14 होतो आणि सिंधुदुर्गचा 2.18. दोघांचे मिळून आठाऐवजी सहा. जुन्या ठाणे जिल्ह्याचा 28.3, पुण्याचा 24.2. मुंबई शहराचा 7.9 आणि उपनगराचा 24, म्हणजे मुंबईच्या 36 जागांऐवजी 32 भरतात. हे अनेकांना अनपेक्षित वाटेल. उपनगराची लोकसंख्या कमी झालेली नाही, ती सात लाखांनी वाढली. पण राज्याच्या सरासरीपेक्षा तिची वाढ कमी पडली. जागांच्या वाटणीत वाढून भागत नाही, सरासरीपेक्षा जास्त वाढावं लागतं.

याचा परिणाम 2024 च्या विधानसभा निवडणुकीत उघड दिसला. चिंचवड आणि पनवेल मतदारसंघांत प्रत्येकी साडेसहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त मतदार होते, तर मुंबई शहरातल्या वडाळ्यात दोन लाखांच्या जवळपास. (हे आकडे मतदारांचे आहेत, लोकसंख्येचे नाहीत, म्हणून वरच्या कोट्याशी थेट ताडून पाहू नयेत.) दोन्हीकडे आमदार एकच, निधी तेवढाच. चिंचवडच्या नव्या सोसायट्यांत राहणाऱ्या माणसाचं मत वडाळ्यातल्या मताच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच भरतं.

मसुदा आला की काय करायचं

परिसीमन आयोगात तिघं असतात: अध्यक्ष म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश (2002 च्या आयोगाचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते), मुख्य निवडणूक आयुक्त किंवा त्यांनी नेमलेले निवडणूक आयुक्त, आणि त्या राज्याचे राज्य निवडणूक आयुक्त. यांच्या मदतीला राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात. त्यांना मत नसतं, आदेशावर सहीही नसते. पण त्यांचा वेगळा प्रस्ताव असेल तर तो मसुद्याबरोबर राजपत्रात छापला जातो. हा भाग आवर्जून वाचावा. विद्यमान लोकप्रतिनिधीला कुठली मंडळं हवीत आणि कुठली नकोत, हे त्यात स्वच्छ दिसतं.

मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी तारीख दिली जाते आणि नंतर जाहीर सुनावणी होते. तुमच्याकडे खरा वेळ असतो तो तारखेपर्यंतचाच. अंतिम आदेशाला कायद्याचं बळ असतं आणि घटनेच्या कलम 329 नुसार त्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली मेघराज कोठारी खटल्यात हेच सांगितलं. 2024 च्या एका निकालात, आदेश उघडउघड मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालय तो तपासू शकतं, असं म्हटलं आहे. ती वाट अरुंद आहे. तिच्या भरवशावर हरकतीची तारीख चुकवू नये.

हरकत लिहिण्याआधी तीन गोष्टी हाताशी घ्या: मसुद्यातली मंडळ आणि सजांची यादी, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतली गावनिहाय लोकसंख्या, आणि तालुक्याचा असा नकाशा ज्यात रस्ते व नद्या दिसतात. मग आपल्या आणि शेजारच्या मतदारसंघाची बेरीज स्वतः करा. मसुद्यातल्या बेरजेशी ती जुळली नाही तर आधी पाहा की एखादं गाव दोनदा आलेलं किंवा सुटलेलं नाही ना. आयोगाने ठरवलेल्या तारखेनंतर नवं मंडळ किंवा नगरपंचायत झाली असेल तर यादी जुन्या हद्दीप्रमाणे असते, त्यानेही गोंधळ होतो.

नंतर नकाशावर बोट फिरवा. मतदारसंघाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचा रस्ता मतदारसंघातूनच जातो का? कागदावर दोन मंडळं लागून असतात, पण मध्ये खाडी असते आणि पूल वीस किलोमीटरवर. सह्याद्रीच्या दोन बाजूंची गावं सलग दिसतात, एस.टी. मात्र वळसा घालून दुसऱ्या तालुक्यातून जाते. मसुदा करणाऱ्याने हे पाहिलेलं असेलच असं नाही. सुनावणीत सगळ्यात जास्त वजन पडतं ते अशा तपशिलाला, कारण कलम 9 मध्ये दळणवळण आणि लोकांची सोय हे शब्दच आहेत.

'आमचं गाव आमच्या तालुक्यातच ठेवा' एवढीच हरकत बहुतेक जण देतात आणि ती बहुधा फेटाळली जाते. एक मंडळ काढलं की दुसरीकडची संख्या बिघडते, आणि आयोगाला सगळ्यांची बेरीज सांभाळायची असते. म्हणून हरकतीत देवाणघेवाण पूर्ण मांडा. कल्पित आकड्यांवर तिचा नमुना असा:

"मसुद्यानुसार 'अ' मतदारसंघाची लोकसंख्या 3,61,000 आणि 'ब' ची 3,08,000 आहे. अमुक महसूल मंडळ (लोकसंख्या 24,000) 'अ' मध्ये टाकले आहे. या मंडळाचे तालुका मुख्यालय, ग्रामीण रुग्णालय आणि बाजारपेठ 'ब' मध्ये असून 'अ' च्या मुख्य भागाशी त्याचा थेट रस्ता नाही. हे मंडळ 'ब' ला जोडल्यास 'अ' 3,37,000 आणि 'ब' 3,32,000 होतो. दोन्ही सरासरीच्या अधिक जवळ येतात. अन्य कोणत्याही मतदारसंघात बदल करावा लागत नाही."

हिच्यात भावना एकही नाही आणि ती सहज बाजूला सारणं आयोगाला अवघड जाईल. सोबत नकाशाची प्रत जोडा, त्यावर सुचवलेली हद्द रंगाने दाखवा आणि गावांची नावं जनगणनेच्या पुस्तिकेत आहेत तशीच लिहा. सोयीचे आकडे बरोबर येत नसतील, म्हणजे तुमच्या सूचनेने फरक वाढत असेल, तर तो लपवू नका. बदल्यात कुठलं मंडळ द्यायला तयार आहात ते सांगा, आणि त्या मंडळातल्या लोकांशी आधी बोला. सुनावणीत तेच समोरून विरोध करायला उभे राहिले तर तुमची सूचना तिथेच संपते.

जिल्ह्याला मिळालेल्या एकूण जागांवर हरकत घेण्यात मात्र वेळ घालवू नका. तो आकडा भागाकारातून येतो. रत्नागिरीने 2008 च्या वेळी सहावा आमदार मागितला असता, तर 5.04 या कोट्यापुढे उत्तर एकच होतं. पण पाच मतदारसंघांच्या रेघा संगमेश्वरमधून न्यायच्या की खेडमधून, चिपळूण अखंड ठेवायचं की फोडायचं, यावर बोलायला पूर्ण वाव होता. पुढच्या वेळी कोटा चारवर आला तर पुन्हा एक नाव यादीतून जाईल. कुठल्या तालुक्याचे तुकडे पडणार हा प्रश्न मसुदा येण्याआधीच तालुक्यातालुक्यांनी एकत्र बसून सोडवला, गावनिहाय बेरजा मांडून पर्यायी नकाशा तयार ठेवला, तर हरकतींच्या मोजक्या दिवसांत धावपळ करावी लागणार नाही.